दोन आरसे आणि उरलेली बाकी
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाची संहिता)



काचेच्या एका सपाट तबकडीवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा चढवला आहे, अशी कल्पना करावी. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचे 100 भाग मानले, तर 90 भाग मागे परततात आणि 10 भाग आरपार जातात. आता तशीच दुसरी तबकडी पहिलीच्या मागे, तिला अगदी समांतर उभी केली. दुसरीपर्यंत 10 भाग पोहोचणार आणि त्यातून 1 भाग बाहेर पडणार, हा साधा हिशेब. आतल्या आत परतत राहिलेल्या प्रकाशाची गळती त्यात मिळवली, तरी एकूण सव्वापाच भागांच्या पलीकडे बेरीज जात नाही. प्रत्यक्षात मात्र तबकड्यांमधील अंतर नेमके जुळले, तर तत्त्वतः शंभरच्या शंभर भाग पलीकडे पोहोचतात. जो अडथळा एकट्या तबकडीने घातला होता, तो दुसरी तबकडी येताच नाहीसा होतो.

हे कोडे शाळेतल्या भूमिती श्रेढीने सुटते. प्रकाश ही लाट आहे, म्हणून बेरीज तेजाची नव्हे, लाटांच्या उंचीची करावी लागते; तेज हा त्या उंचीचा वर्ग असतो. पहिल्या तबकडीवर पडणाऱ्या लाटेची उंची 1 धरली, तर थेट बाहेर पडणाऱ्या लाटेची उंची 0.1 असते. आत एक फेरी मारून येणारी लाट 0.09 उंचीची, दोन फेऱ्या मारून येणारी 0.081 उंचीची, आणि असेच पुढे. एका फेरीत कापलेले अंतर तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तर या सर्व लाटा पावलाला पाऊल मिळवून बाहेर येतात आणि त्यांची बेरीज बरोबर 1 होते. पाऊल नेमके उलटे पडले, तर त्याच पदांची चिन्हे आलटून पालटून अधिक-उणे होतात, बेरीज 0.053 उरते, आणि तेज शंभरातून पाव भागाच्या आसपास येते.

येथे ऊर्जा कोठून निर्माण झाली, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. ती निर्माण होत नाही. अंतर जुळलेल्या पोकळीत प्रकाश साठत जाऊन बाहेरच्या प्रकाशाच्या दहापट होतो, आणि त्या दहापटीतील दहावा हिस्सा दुसऱ्या तबकडीतून बाहेर पडतो. त्याच वेळी पोकळीतून मागे झिरपणारी लाट पहिल्या तबकडीवरून परतणाऱ्या लाटेला पुसून टाकते.

मार्सेय येथील शार्ल फाब्री आणि आल्फ्रेड पेरो या दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी 1897 च्या सुमारास या रचनेचे मोजमापाच्या उपकरणात रूपांतर केले. सोडियमच्या दिव्याचा प्रकाश तिच्यातून पाहिला, की काळोख्या पार्श्वभूमीवर रेखीव, तेजस्वी, एककेंद्री कडी दिसतात. प्रत्येक कडे म्हणजे जुळणीचे एकेक शिखर.

या उपकरणाचे दोन गुण वेगळे ओळखावे लागतात. पहिला म्हणजे लगतच्या दोन शिखरांमधील अंतर. त्याला फ्री स्पेक्ट्रल रेंज म्हणतात. येथे त्याला पल्ला म्हणू. हा पल्ला तबकड्यांमधील अंतरावर अवलंबून असतो: अंतर वाढले, की पल्ला आखडतो. दुसरा गुण म्हणजे पल्ल्याच्या मानाने शिखर किती अरुंद आहे, हे सांगणारा आकडा. त्याला फिनेस म्हणतात. तो मुलाम्याच्या परावर्तनावर अवलंबून असतो. 90 टक्के परावर्तनाला फिनेस सुमारे 30 येतो, म्हणजे शिखराची रुंदी पल्ल्याच्या तिसाव्या हिश्शाइतकी असते.

सोडियमचा पिवळा प्रकाश एका तरंगलांबीचा नसून 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर अशा दोन रेषांचा बनलेला असतो. तबकड्यांत 0.1 मिलिमीटर अंतर ठेवले, तर पल्ला 1.7 नॅनोमीटर येतो आणि शिखराची रुंदी 0.06. दोन्ही रेषा एकाच पल्ल्यात सुट्या दिसतात आणि त्यांच्यातील 0.6 चा फरक सरळ वाचता येतो. अधिक बारकाव्याच्या मोहाने अंतर 1 मिलिमीटर केले, तर रुंदी 0.006 पर्यंत उतरते खरी, पण पल्लाही 0.17 वर येतो. आता दोन रेषांमधील फरक तीन पूर्ण पल्ले ओलांडून जवळजवळ आणखी अर्धा पल्ला पुढे जातो. कडी पूर्वीपेक्षा रेखीव दिसतात, आणि तरीही फसवतात: भोळा निरीक्षक फक्त उरलेला तुकडा मोजतो आणि फरक 0.08 नॅनोमीटर असल्याचे लिहून मोकळा होतो. अंतर थोडे बदलून मोजमाप पुन्हा केले आणि उत्तर बदलले, तर पल्ला ओलांडला गेला आहे हे समजते.

फिनेस वाढवण्यासाठी चांदीचा थर जाड करावा, तर चांदी स्वतःच प्रकाश गिळते. परतलेल्या 90 भागांव्यतिरिक्त उरलेल्या 10 पैकी 5 भाग चांदीने शोषले, तर शिखराचे तेज शंभरावरून पंचविसावर घसरते. तबकड्यांचा सपाटपणाही आड येतो: पृष्ठभागावर तरंगलांबीच्या साठाव्या हिश्शाएवढा उंचसखलपणा असेल, तर परावर्तन कितीही वाढवले तरी फिनेस तिसाच्या फारसा पुढे सरकत नाही. समांतरपणा तपासण्याची रीत मात्र सोपी आहे. डोळा एका बाजूला सरकवावा. कडी फुगू लागली, तर त्या बाजूला तबकड्यांतील अंतर जास्त आहे. डोळा कोठेही नेला तरी कडी तेवढीच राहतील, इथपर्यंत स्क्रू फिरवत राहावे.

अपूर्णांक अचूक सांगायचा आणि पूर्णांक गुलदस्त्यात ठेवायचा, हा या पोकळीचा स्वभाव आहे. पोकळीत तरंगलांबीचे अमुक पूर्णांक अधिक इतका तुकडा मावतो, यातला तुकडा कड्यांच्या व्यासावरून कळतो. पूर्णांक हजारोंच्या घरातला असून अज्ञात राहतो. फाब्री आणि पेरो यांनी त्यावर अनेक रंगांचा उपाय योजला. एखाद्या संख्येला 7 ने भागल्यास बाकी 3 आणि 11 ने भागल्यास बाकी 5 उरत असेल, तर 77 पर्यंत अशी एकच संख्या आहे: 38. आर्यभटाच्या कुट्टकाचा प्रश्न याच जातीचा. लाल, हिरवा, निळा या रंगांच्या तरंगलांब्या म्हणजे जणू वेगवेगळे भाजक आणि कड्यांतून वाचलेले तुकडे म्हणजे बाक्या. पोकळीची लांबी साध्या मापाने अंदाजे ठाऊक असली, की त्या अंदाजाच्या आसपास सर्व बाक्यांशी जुळणारा पूर्णांक एकच उरतो.

या रीतीने लहान पोकळीपासून आरंभ करून, लांबी दुप्पट दुप्पट करत, बेन्वा, फाब्री आणि पेरो मीटरपर्यंत पोहोचले. 1907 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: एका मीटरमध्ये कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या 15,53,164.13 तरंगलांब्या मावतात. दशांशचिन्हानंतरचे दोन अंक कड्यांनी दाखवले. त्याच्या आधीचे सात अंक कोणत्याही कड्यात दिसत नव्हते, ते बाक्या जुळवून काढावे लागले.