ऊस शेतात, उस गाडीत

(विश्रामबाग, सांगली येथील शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांगली आणि मिरज यांच्यामधल्या या विश्रामबागेत येताना वाटेत एक फलक वाचला. त्यावर 'ऊसाला योग्य दर' असे लिहिले होते. मागणी रास्त होती. परंतु पहिलेच अक्षर चुकले होते. फलक रंगविणाऱ्यास हसण्याचा अधिकार मला नाही. प्रसिद्धिपत्रके लिहिणे हाच माझा व्यवसाय, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका पत्रकात 'गरीबांसाठी' असे लिहिले होते. ते पत्रक गावोगावच्या सूचनाफलकांवर लागले आणि मुलांनी ते तसेच वाचले. छापलेली चूक मुलांना नियमासारखी वाटते, म्हणून आज या एकाच नियमाविषयी बोलतो.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने 1962 साली स्वीकारले. 1972 साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यांतील एक नियम असा, की शब्दातील शेवटून दुसरे, म्हणजे उपान्त्य, अक्षर दीर्घ इकारयुक्त वा उकारयुक्त असेल, तर सामान्यरूप होताना ते ह्रस्व होते. गरीब, परंतु गरिबाला. दूध, परंतु दुधाचा. वीट, परंतु विटेने. नियम सोपा आहे. पण 'उपान्त्य' आणि 'सामान्यरूप' हे दोन शब्द ऐकताच पाचवीच्या मुलाचे लक्ष खिडकीबाहेर जाते.

खिडकीबाहेर या जिल्ह्यात बहुधा ऊसच दिसतो. तेव्हा त्यालाच वर्गात बोलवावे. फळ्यावर 'ऊस' लिहून गुरुजींनी विचारावे, "शेतातला ऊस उंच की गाडीतला?" मुले म्हणतील, "शेतातला!" "मग गाडीतल्याचे काय झाले?" "वाढे छाटले, गुरुजी!" आता गुरुजींनी ऊकाराचे वाढे पुसून 'उ' करावा आणि त्याच्या मागे 'चा, ला, ने, साठी' ही गाडी जोडावी : उसाचा, उसाला, उसाने, उसासाठी. "शेतात उभा तोवर दीर्घ, गाडी जोडली की आखूड!" मुले हसतील. विशेष म्हणजे, 'ऊसतोडणी' या शब्दात ऊस दीर्घ का राहतो, याचेही उत्तर तीच देतील : तोडणी अजून चालू आहे, गाडी जोडलेली नाही!

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी दोन-तीन उदाहरणे, मग विनोद, आणि हसू ओसरण्याच्या आत नवा शब्द. 'वकील' लिहून 'ला' जोडण्यास सांगावे. मुलाने 'वकिलाला' लिहिले, तर त्यास नियम कळला. त्याने फक्त 'उसाला' बरोबर लिहिले आणि 'वकीलाला' चुकविले, तर त्याच्या स्मरणात विनोद राहिला, नियम राहिला नाही. ही परीक्षा न घेता पुढे गेल्यास केवळ करमणूक होते.

दुसरा धोका याच्या उलट आहे. विनोद फार रुचला, की मुले सर्वांचीच वाढे छाटू लागतात आणि 'शरिराला', 'परिक्षेला' असे लिहितात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द दीर्घ असतील तर सामान्यरूपातही दीर्घच राहतात. त्यासाठी दुसरा विनोद हवा. गुरुजींनी गंभीर चेहऱ्याने विचारावे, "परीक्षा कधी कुणापुढे वाकली आहे काय?" वर्ग एका सुरात "नाही!" म्हणेल. मग फळ्यावर लिहावे : परीक्षेला, परीक्षेचा, परीक्षेसाठी. तिच्याच शेजारी शरीर, गीत, सूत्र, पूजा ही मंडळी बसवावी. तत्सम शब्द कोणता, हे मात्र कोणताही विनोद सांगत नाही. तेथे पाच-सहा शब्दांची यादी भिंतीवर लावून दर आठवड्यास तीत एकेका शब्दाची भर घालणे, हाच मार्ग आहे.

'नागरिक' हा शब्द तर या दोन्ही विनोदांच्या कक्षेबाहेरचा. तो मुळातच ह्रस्व आहे. त्यास गाडी जोडा वा न जोडा. ग्रामपंचायतीच्या फलकांवर 'नागरीकांनी' असे पुष्कळदा दिसते. सरपंचांनी फलक लावण्यापूर्वी तो शाळेतील एखाद्या मुलाकडून वाचून घ्यावा, ही माझी विनंती आहे.

एक पथ्य शेवटी सांगतो. 'गरीब' या शब्दावर विनोद करू नये. वर्गात त्या शब्दाने मान खाली घालणारे मूल असू शकते, आणि ते मूल नियम विसरेल, हसू विसरणार नाही. ऊस मात्र कोणाही विनोदास रागावत नाही.