गल्ल्यातले हरवलेले साडेएक्केचाळीस हजार

पुण्यातल्या एका तरुणीने मसाल्यांचा एकल मालकीचा व्यवसाय सुरू केला. पहिल्या वर्षाचा हिशेब बंद करताना रोकडवहीत ३१ मार्चची शिल्लक दिसली ४८,००० रुपये. गल्ल्यात निघाले ६,५००.

चोरी नव्हती. बँकेतून काढलेली रक्कम वहीत चढली होती, पण ती खर्च झाल्याची नोंदच नव्हती.

तिने टेम्पोवाल्यांचे फोनवरचे निरोप आणि माल पोचल्याच्या पावत्या तारखेनुसार लावल्या. टेम्पोभाडे निघाले १४,०००, हमाली ९,५००. हमाल पावती देत नाहीत. म्हणून तारीख, नाव, काम लिहून तिने त्यांच्या सह्यांची व्हाउचर केली. मागची तारीख मात्र टाकली नाही, आणि तेच योग्य.

खरी अडचण गिरणीच्या दुरुस्तीची. मेकॅनिकला एकाच दिवशी १२,००० रोख दिले होते. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास, काही अपवाद सोडता, प्राप्तिकरासाठी तो संपूर्ण खर्च अमान्य होतो. फक्त वरचे दोन हजार नव्हे. वहीत नोंद झाली, वजावट गेली.

उरलेल्या ६,००० रुपयांचा कसलाच पुरावा सापडला नाही. ते तिने स्वतःच्या उचल खात्यात टाकले.