फिरत्या विद्युतभारित कवचाचे चुंबकक्षेत्र



येथे बंगळूरात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची तीव्रता सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. विद्युतभारित केलेला एक पोकळ गोल नुसता स्वतःभोवती फिरवला, तर त्याच्या अक्षावर किती क्षेत्र निर्माण होईल, हा आजचा आपला प्रश्न आहे.

गोलावर भार सर्वत्र सारखा पसरला असून तो गोलाबरोबरच फिरतो, असे धरू. वाहता भार म्हणजेच विद्युत्प्रवाह. त्यासाठी तार असावीच लागते असे नाही. हा प्रवाह पृष्ठभागावर कसा वाटला गेला आहे हे पाहण्यासाठी गोलाचे अक्षाला काटकोनात असलेल्या अरुंद कड्यांमध्ये विभाजन करावे. गोलाची त्रिज्या R, भाराची पृष्ठघनता σ आणि कोनीय वेग ω मानल्यास, अक्षापासून θ कोनावरील कड्याचा वेग ωR sin θ असतो आणि त्याची रुंदी R dθ. म्हणून त्यातील प्रवाह असा:

dI = σωR² sin θ dθ

विषुववृत्तावर तो सर्वांत अधिक, तर ध्रुवांशी शून्य होतो. येथे पुष्कळदा एक चूक होते. कड्याची रुंदी पृष्ठभागावर न मोजता अक्षाच्या दिशेने मोजली जाते. मग एक sin θ अधिक येतो आणि अंतिम उत्तरात π डोकावतो.

आता केंद्रबिंदू घेऊ. प्रत्येक कडे त्याच्यापासून R इतक्याच अंतरावर आहे. कड्याच्या क्षेत्राचे परिचित सूत्र वापरता प्रत्येकाचा वाटा (μ₀σωR/2) sin³θ dθ इतका येतो. एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत sin³θ चे संकलन ४/३ होते. म्हणून

B = (2/3) μ₀σωR

नवल असे की, केंद्रापासून सरकत ध्रुवापर्यंत गेले तरी हे मूल्य बदलत नाही. जवळ येणारी कडी लहान व क्षीण प्रवाहाची असतात. त्यामुळे जवळिकीचा लाभ दूरच्या कड्यांच्या तोट्याने नेमका भरून निघतो. गोलाबाहेर मात्र, केंद्रापासूनचे अंतर z असता, क्षेत्र (2/3) μ₀σωR⁴/z³ असे घटते. z = R ठेवताच दोन्ही सूत्रे जुळतात. गणित तपासण्याची ही सोपी खूण होय.

आता आकडे घालू. १० सेंटिमीटर त्रिज्येचा गोल १ लाख व्होल्टपर्यंत भारित केला व सेकंदाला १०० फेऱ्या दिल्या, तर B सुमारे ०.०००४७ मायक्रोटेस्ला येते. येथील भूक्षेत्राच्या ते सुमारे ८५ हजारांश भरते. भार वाढवून हे फारसे सुधारत नाही. हवेत ठिणगी पडू लागते.

एवढे सूक्ष्म क्षेत्र ओळखावे कसे? १८७६ साली रोलंड यांनी बर्लिनमध्ये फिरती भारित तबकडी घेऊन मार्ग दाखवला. भाराचे चिन्ह उलटे करताच सूचीचे विचलनही उलटले. पृथ्वीचे क्षेत्र भाराचे चिन्ह पाहून बदलत नाही. जे बदलते, ते फिरत्या भाराचेच.