कॅमेऱ्याला न दिसलेला ताप
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



आज बोलण्यासाठी विषय शोधायला मला फार दूर जावे लागले नाही. आपल्या पुष्कळ घरांतील कोणी ना कोणी दुबई, मस्कत किंवा कुवेतला नोकरीस आहे आणि विमानतळ ही आपल्याला नवलाची जागा राहिलेली नाही. कोरोनाच्या काळात विमानातून उतरल्यावर तिपाईवर ठेवलेल्या एका कॅमेऱ्यासमोरून जावे लागे. शेजारच्या पडद्यावर आपला चेहरा लाल-पिवळ्या रंगांत दिसे, कर्मचारी हाताने “पुढे चला” अशी खूण करी आणि आपण निर्धास्त होऊन सामान घ्यायला जात असू.

जानेवारी २०२२ मध्ये माझा भाचा आखाती देशातून असाच परत आला. विमानात त्याला हुडहुडी भरली होती. त्याने एक पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि ब्लँकेट गुंडाळून बसून राहिला. विमानतळावरील कॅमेऱ्याने ९७.३ अंश दाखवले आणि त्याला जाऊ दिले. मोटारीने सहा तासांचा प्रवास करून तो गावी पोचला. माझ्या बहिणीने त्याच्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला, तर पारा १०२ वर. घरात ऐंशी वर्षांच्या आजी होत्या. सर्वांनी एकच प्रश्न विचारला, “विमानतळावर तपासले होते ना?” आज मला याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. कॅमेरा बिघडलेला नव्हता. तो जे मोजतो ते आणि आपल्याला जे हवे असते ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेनुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. थर्मल कॅमेरा हे किरण टिपतो आणि त्यांच्या प्रमाणावरून त्या पृष्ठभागाचे तापमान काढतो. आपल्या बाबतीत हा पृष्ठभाग म्हणजे त्वचा. कॅमेऱ्याला त्वचेच्या आत काहीच दिसत नाही. ताप मात्र शरीराच्या आतल्या तापमानावरून ठरतो. निरोगी माणसाचे आतले तापमान ९८.६ च्या आसपास असते, तर साधारण हवेच्या खोलीत त्याच्या कपाळाची त्वचा ९३-९४ अंशांवर असते. म्हणून पुष्कळ यंत्रे त्वचेच्या तापमानात काही अंश मिळवून “शरीराचे तापमान” म्हणून एक आकडा दाखवतात. माझ्या भाच्याचे कपाळ ९२.३ अंशांवर होते आणि यंत्राने त्यात पाच अंश मिळवले असे धरा. आकडा ९७.३ येतो. हा आकडा अंदाजाने काढलेला असतो, आणि आत-बाहेरचा फरक नेहमीइतकाच आहे हे त्यात गृहीत धरलेले असते.

ताप चढत असताना नेमके हेच गृहीत चुकते. मेंदूत शरीराचे तापमान ठरवणारे एक केंद्र असते. जंतुसंसर्ग झाला की ते केंद्र आपली पातळी वर सरकवते, जणू आता १०२ अंश हेच योग्य तापमान आहे. शरीर मग उष्णता साठवू लागते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्त आत राखले जाते आणि स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. यालाच आपण हुडहुडी म्हणतो. मूल थंडीने कुडकुडत असते, हातपाय गार पडलेले असतात आणि आई म्हणते, “आता ताप भरणार.” तिचे निरीक्षण अगदी अचूक असते. त्या अर्ध्या-एक तासात आतले तापमान चढत असते आणि बाहेरची त्वचा थंड असते. अशा माणसाला कॅमेऱ्यासमोर उभे केले तर तो निरोग्यापेक्षाही थंड दिसू शकतो. पुढे ताप स्थिरावला की त्वचा गरम होते आणि कॅमेऱ्याला तो सापडण्याची शक्यता वाढते. उतरताना घाम येतो, आणि घाम वाळताना त्वचा पुन्हा गार होते. म्हणजे एकाच आजारी माणसाला एकाच दिवशी हा कॅमेरा तीन वेगवेगळी उत्तरे देऊ शकतो.

त्यात गोळीची भर पडते. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. गोळी ताप उतरवते, आजार आणि त्याचा संसर्ग मात्र तसाच राहतो. माझ्या भाच्याने विमान उतरण्यापूर्वी दोन तास गोळी घेतली होती. कॅमेऱ्यासमोर तो आला तेव्हा गोळी पुरती काम करत होती आणि घरी पोचला तेव्हा तिचा असर संपला होता.

आता यंत्राकडे आणि ते ठेवलेल्या जागेकडे वळू. चेहऱ्यावर एक जागा अशी आहे की जिचे तापमान आतल्या तापमानाशी त्यातल्या त्यात जवळचा संबंध राखते. ती म्हणजे डोळ्याचा नाकाकडील कोपरा. तेथे त्वचा पातळ असते आणि आतून येणारे रक्त भरपूर असते. थर्मल कॅमेऱ्याने ताप शोधण्याचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते याच कोपऱ्यावर भर देते. पण ही जागा काही मिलिमीटरचीच आहे. येथे विद्यार्थ्यांनी थोडे गणित करावे. एका कॅमेऱ्याचे चित्र आडवे ३२० ठिपक्यांचे आहे आणि त्याच्या भिंगाचा कोन २५ अंश आहे. सहा मीटर अंतरावर त्याला सुमारे २.६६ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. त्याला ३२० ने भागले तर एका ठिपक्याच्या वाट्याला आठ मिलिमीटरहून थोडे जास्त येतात. त्या एका ठिपक्यात डोळ्याचा उष्ण कोपरा, नाकाची थंड कड आणि गालाचा भाग एकत्र मिसळून जातात आणि जी सरासरी येते ती खाली ओढलेली असते. माणूस दीड मीटरवर, एकटा, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहिला तर एक ठिपका दोन मिलिमीटरचा होतो आणि कोपरा स्वतंत्रपणे मोजता येतो. म्हणूनच चालत्या गर्दीकडे दुरून रोखलेला कॅमेरा विश्वासार्ह मानत नाहीत. चष्माही काढायला हवा, कारण काच डोळ्यांना पारदर्शक असली तरी या किरणांना अडवते. कॅमेऱ्याला मग चष्म्याचेच तापमान दिसते.

दुसरी गोष्ट अचूकतेची. हे कॅमेरे दोन ठिपक्यांमधला एक दशांश अंशाचा फरकही दाखवतात, त्यामुळे पाहणाऱ्याला ते फार अचूक वाटतात. पण किराणा दुकानातील तराजूचा काटा मुळातच सरकलेला असेल, तर तो तोळ्याचा फरक दाखवूनही वजन चुकीचेच देतो. पुष्कळ साध्या थर्मल कॅमेऱ्यांत ही चूक दोन अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साडेतीन अंशांपर्यंत असू शकते. निरोगी माणूस आणि ताप आलेला माणूस यांच्यात एवढाच फरक असतो! यावर उपाय म्हणून चित्राच्या कोपऱ्यात ‘कृष्णवस्तू’ नावाची एक छोटी तापवलेली पेटी ठेवतात. तिचे तापमान, उदाहरणार्थ ९५ अंश, काटेकोरपणे राखलेले असते आणि कॅमेरा तिच्याशी आपला काटा जुळवून घेतो. जागाही बंदिस्त हवी. हवा २० ते २४ अंश सेल्सिअसची असावी, दमटपणा कमी असावा, वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर नसावा, आणि बाहेरून आलेल्या माणसाला थोडा वेळ थांबू देऊन मगच मोजावे. थंड विमानातून थेट आलेले कपाळ गार असते, तर उन्हातून किंवा धावत आलेले गरम. रात्री एकामागून एक विमाने उतरत असताना प्रत्येकाला पंधरा मिनिटे बसवून ठेवणे किती ठिकाणी जमत असेल, हे आपणच ठरवा.

आणखी एक अडचण मर्यादा ठरवण्याची आहे. कोणत्या आकड्याला घंटा वाजावी? निरोगी आणि तापकरी माणसांची त्वचेची तापमाने एकमेकांत मिसळलेली असतात. समजा, दहा हजार प्रवाशांत वीस जणांना ताप आहे. मर्यादा खाली ठेवली तर वीसपैकी चौदा जण सापडतात, पण निरोग्यांपैकी शेकडा पाच जणांवरही घंटा वाजते. म्हणजे ४९९ निरोगी माणसे अडकतात. ५१३ जणांना बाजूला बसवून त्यातून चौदा शोधायचे! रांग तुंबते, लोक चिडतात आणि दोन दिवसांत कोणीतरी मर्यादा वर सरकवतो. घंटा कमी वाजू लागते, पण तापाची माणसेही निसटू लागतात. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षातला अनुभव २००३ मधील सार्सच्या साथीचा आहे. कॅनडाच्या टोरांटो आणि व्हँकूव्हर विमानतळांवर सुमारे २४ लाख वेळा प्रवासी अशा कॅमेऱ्यांतून तपासले गेले. त्यांतून पुढील तपासणीसाठी ८३२ जण निघाले. त्यांच्यात सार्सचा एकही रुग्ण नव्हता.

आणि कॅमेरा सर्वस्वी निर्दोष असता तरी काय झाले असते? भारतातील कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात निश्चित झाला. वुहानहून परतल्यावर पहिले काही दिवस या रुग्णाला कसलाच त्रास नव्हता. पुढे खोकला आणि घसादुखी सुरू झाली, आणि दवाखान्यात आल्यावरही ताप नव्हताच. नसलेला ताप कोणता कॅमेरा दाखवणार?

मग हे कॅमेरे निरुपयोगी आहेत काय? मी तसे म्हणणार नाही. माणूस जवळ, एकटा आणि विसावलेला असेल, शेजारी कृष्णवस्तू असेल, डोळ्याचा कोपरा मोजला जात असेल आणि संशयिताची खात्री थर्मामीटरने होत असेल, तर स्थिरावलेला ताप त्यांना पुष्कळदा सापडतो. चूक आपण अर्थ लावताना करतो. “घंटा वाजली नाही” याचा अर्थ “त्या क्षणी कपाळ गरम नव्हते” इतकाच. त्याला आपण “आजार नाही” असे वाचतो.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. प्रवासाहून आलेल्या माणसाला हुडहुडी भरली असेल किंवा अंग मोडून आले असेल, तर विमानतळाचा आकडा विसरून जावा. त्याला अर्धा तास शांत बसू द्यावे. या वेळात गरम चहा किंवा थंड पाणी देऊ नये, आणि मग जिभेखाली थर्मामीटर लावावा. गोळी घेतली असेल तर किती वाजता घेतली ते विचारावे आणि तिचा असर संपल्यावर पुन्हा मोजावे. तोपर्यंत घरातील वृद्धांपासून त्याला वेगळ्या खोलीत ठेवावे. विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याने विचारले, तर गोळी घेतल्याचे लपवू नये. ही माहिती कोणत्याही कॅमेऱ्याला मिळत नाही, ती प्रवाशानेच द्यावी लागते.

माझ्या बहिणीने त्या दिवशी तेच केले. तिने मुलाला माडीवरच्या खोलीत पाठवले, आजींना खालीच ठेवले आणि दर चार तासांनी तापाचा आकडा वहीत लिहीत गेली. आठ दिवसांनी तो बरा झाला आणि आजींना काही झाले नाही. शाळा सोडल्यावर तिने विज्ञानाचे पुस्तक उघडलेले नाही. पण पडद्यावरच्या ९७.३ पेक्षा तिने आपल्या तळहातावर आणि थर्मामीटरवर विश्वास ठेवला, आणि त्या दिवशी तेच बरोबर होते.