तारखेनं वाचा



  या दोन दिवसांच्या संमेलनाच्या अध्यक्षानं वर्षभरातल्या बाजाराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा स्मरणिकेत छापला आहे, तिथे वाचावा. मला मिळालेला वेळ मी एका तक्रारीसाठी वापरणार आहे. ती मी अनेक वर्षं मनात ठेवली आहे.

तक्रार ही, की कंपन्या शेअर बाजाराला जी पत्रं पाठवतात ती आपण विषयवार वाचतो. राजीनामे एक जण बघतो, भांडवल उभारणी दुसरा बघतो आणि पतमानांकन तिसऱ्याकडे असतं. बाजाराच्या संकेतस्थळावरही तसेच कप्पे केलेले आहेत. पण कंपनीची तिजोरी एकच असते. एका कंपनीची सगळी पत्रं तारखेच्या क्रमानं एका वहीत उतरवा, एवढंच मला सांगायचं आहे. ते एका उदाहरणानं सांगतो.

जेन्सोल इंजिनिअरिंग. २८ जानेवारी २०२५ ला या कंपनीनं कळवलं, की तिच्या नव्या विजेवरच्या गाड्यांसाठी ३०,००० आगाऊ मागण्या आल्या आहेत. ३ आणि ४ मार्चला केअर आणि इक्रा या दोन संस्थांनी तिचं मानांकन थेट ‘डी’वर आणलं. ‘डी’ म्हणजे कर्जफेड थकली. त्याच आठवड्यात मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. १३ मार्चला संचालक मंडळानं ६०० कोटी रुपये उभारायला मंजुरी दिली आणि एका शेअरचे दहा करायचंही ठरवलं.

यातलं शेवटचं पत्र एकटं वाचणाऱ्याला आनंद झाला. पैसा येतोय आणि शेअर स्वस्त होतोय, असं त्याला वाटलं. आता तेच पत्र वहीत, ‘डी’च्या ओळीखाली ठेवून वाचा. ६०० पैकी ४०० कोटी विदेशी चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांतून यायचे होते. त्यासाठी परदेशी सावकार मिळायला हवा, आणि दहाच दिवसांपूर्वी या कंपनीवर थकबाकीदाराचा शिक्का बसलेला होता. उरलेले २०० कोटी प्रवर्तकांना वॉरंट देऊन यायचे होते. वॉरंटच्या वेळी नियमाप्रमाणे फक्त चौथा हिस्सा भरावा लागतो, म्हणजे ५० कोटी. बाकीच्यासाठी १८ महिन्यांची मुदत असते, आणि ते भरले नाहीत तर चौथा हिस्सा जप्त होतो, इतकंच. शिवाय संचालक मंडळाची मंजुरी ही पहिली पायरी असते. पुढे भागधारकांचा विशेष ठराव आणि बाजाराची तत्त्वतः मान्यता लागते. मथळ्यात ६०० कोटी होते, पण त्या दिवशी तिजोरीत एक रुपयाही आलेला नव्हता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १५ एप्रिलला सेबीचा अंतरिम आदेश आला आणि शेअर विभाजन थांबलं. त्यानंतर स्वतंत्र संचालकांचे राजीनामे आले. आदेशात नमूद आहे, की बाजाराचे अधिकारी ९ एप्रिलला चाकणच्या कारखान्यावर गेले तेव्हा तिथे उत्पादन दिसलं नाही, दोन-तीन कामगार होते. त्या मागण्या म्हणजे प्रत्यक्षात नऊ संस्थांशी केलेले सामंजस्य करार होते आणि त्यांत किंमत व गाड्या देण्याची तारीख नव्हती. म्हणून मागणीचं पत्र वाचताना मी वहीत तीन प्रश्न लिहितो : किंमत काय, माल कधी, आगाऊ रक्कम किती? उत्तर नसेल तर रकाना कोरा ठेवतो. कोरा रकाना ही सुद्धा नोंदच आहे.

काल दुपारच्या सत्रात वाद झाला, की मानांकन संस्था नेहमी उशिरा जाग्या होतात, मग त्यांच्या पत्राला महत्त्व का द्यायचं? मी कंपनी सचिव म्हणून उमेदीची वर्षं काढली, तेव्हा मला यातली मेख ठाऊक आहे. बँकेच्या कर्जाचा हप्ता चुकला, तर कंपनीनं बाजाराला स्वतःहून कळवायची वेळ थकबाकी तीस दिवस टिकल्यावर येते. २०१९ च्या सेबीच्या परिपत्रकानं तसं ठरवून दिलं आहे. मानांकन संस्था मात्र एक दिवसाचा विलंबही धरते. म्हणजे संस्था वेळेत जागी असेल, तर कंपनीच्या तोंडून कबुली येण्याआधी ‘डी’ येऊ शकतो. आणि मानांकन बदललं की ते कंपनीला चोवीस तासांत कळवावंच लागतं.

फक्त कंपनीच्या पत्रावर थांबू नका. त्यात बहुतेक वेळा एक तक्ता असतो : कर्जाचा प्रकार, रक्कम, जुनं मानांकन, नवं मानांकन. कारण त्यात नसतं, असलं तर कंपनीच्या सोयीचं असतं. खरं कारण मानांकन संस्थेच्या स्वतःच्या टिपणात असतं. जेन्सोलच्या बाबतीत कर्जफेडीची कागदपत्रं बनावट दिसतात, असं इक्रानं आपल्या टिपणात लिहिलं होतं. कंपनीनं ते नाकारलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याला मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सावध होता आलं असतं. त्याआधी होता आलं असतं असं मी म्हणणार नाही. खोटे कागद पत्रांच्या वाचनानं पकडता येत नाहीत.

आता राजीनाम्यांबद्दल. ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांवर आपल्यात फार चर्चा होते. मी ते शब्द स्वतः पाठवले आहेत. २०१९ पूर्वीची गोष्ट. आमच्या कंपनीतले एक स्वतंत्र संचालक दोन पानी पत्र घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. प्रवर्तकांच्या दुसऱ्या एका कंपनीला दिलेल्या उचलीवर त्यांचा आक्षेप होता, आणि तो त्यांनी तारखांसकट लिहिला होता. वरून निरोप आला, एका ओळीचं पत्र घ्या. मी ती दोन पानं त्यांच्या हातात परत दिली आणि एका ओळीचं पत्र बाजाराला पाठवलं. वर्षाच्या आत मानांकन घसरलं. ज्यांनी ती एक ओळ वाचून शेअर ठेवले, त्यांचं नुकसान झालं. नियम मोडला नव्हता, पण ते ओझं अजून उतरलेलं नाही.

आज तेवढं सोपं नाही. स्वतंत्र संचालकाचं मूळ पत्र सात दिवसांत जाहीर करावं लागतं. दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही, अशी खात्री त्यांना द्यावी लागते, आणि इतर कोणत्या नोंदणीकृत कंपन्यांवर ते संचालक आहेत तेही सांगावं लागतं. ही यादी आवर्जून वाचा. वेळ मिळत नाही म्हणून एक मंडळ सोडणारे गृहस्थ बाकीच्या पाच मंडळांवर कायम असतील, तर अडचण वेळेची नाही. मग वहीत दोन ओळी वर जाऊन बघा, त्याआधी काय आलं होतं.

येत्या वर्षात तालुक्याच्या ठिकाणी वहीवाचनाचे वर्ग घ्यावेत आणि या पत्रांतल्या शब्दांचा छोटा मराठी कोश करावा, असं माझ्या मनात आहे. कार्यकारिणीनं त्याचा विचार करावा.

दोन पानी पत्र आणणारे ते संचालक आता हयात नाहीत. त्यांची दोन पानं कुठेच नाहीत, माझ्याकडेही नाहीत. आज तशी पानं बाजाराकडे येतात, कुणालाही उघडून वाचता येतात, आणि आपण मथळा वाचून पुढे जातो. माझी तक्रार इतकीच आहे.