मामाचं इंजिन, साडेसहाशे आरपीएम आणि चाकातला ताण

मागच्या भागानंतर दोन-तीन जणांनी विचारलं, की फ्लायव्हील जाड केलं तर ते जास्त वेगाला टिकतं ना? उत्तर आहे ‘नाही’. निदान बऱ्याच अंशी नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण खरं कळलं ते मामाच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये. त्यामुळे आज तीच गोष्ट सांगतो, आकड्यांसकट. आकडे कमीच आहेत, घाबरू नका.

मामाकडे जुनं सहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आहे, लिस्टर पद्धतीचं, दोन्ही बाजूंना बीडाची मोठी चाकं असलेलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. हे इंजिन ६५० आरपीएमला चालतं, तसं त्याच्या पाटीवर लिहिलेलंच आहे. लाइट गेली की गोठ्यातल्या मोटरसाठी म्हणून मामाने एक जुना अल्टरनेटर आणला आणि पट्ट्याने इंजिनाला जोडला. अल्टरनेटरला हवेत १५०० आरपीएम, तरच ५० हर्ट्झ मिळतात. इंजिनाकडची पुली १८ इंची, अल्टरनेटरची १२ इंची. म्हणजे वेग फक्त दीडपट, ९७५ आरपीएम. मोटर नुसतीच घुं घुं करायची आणि तापायची.

मग मिस्त्री आला. त्याने हिशोब बरोबर केला: इंजिन १००० ला पळवलं की अल्टरनेटर १५०० ला जातो. गव्हर्नरची स्प्रिंग आवळली, अर्धा तास चालवून दाखवलं, मोटर मस्त चालली. रात्री मामाने मला फोनवर कौतुकाने सांगितलं.

मी म्हटलं, “मामा, उद्या मी येतोय. तोवर इंजिन सुरू करू नका.”

“अरे, चाक बघितलंयस का किती जाड आहे? हत्ती बसला तरी काही व्हायचं नाही.”

इथेच आजचा विषय सुरू होतो. हत्ती बसणं वेगळं आणि फिरणं वेगळं.

गोफण आठवा. दगड फिरवला की दोरी ताणली जाते, कारण दगडाला सरळ जायचं असतं आणि दोरी त्याला वळवत असते. आता फ्लायव्हीलची रिम म्हणजे बाहेरचं कडं, तेवढंच डोळ्यांसमोर आणा. आरे क्षणभर विसरा. त्या कड्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे गोफणीतला एक दगड. पण त्याला धरायला दोरी नाही. त्याला धरून ठेवतात ते त्याचे दोन्ही बाजूंचे शेजारी तुकडे. सगळे एकमेकांना हात धरून गोल फिरतायत असं समजा. बाहेर जाण्याची प्रत्येकाची ओढ शेवटी कुठे येते? हातांवर. म्हणजे कड्याच्या परिघाच्या दिशेने ताण येतो. यालाच हूप स्ट्रेस म्हणतात. बैलगाडीच्या चाकाला धाव तापवून चढवतात आणि ती थंड होऊन आवळते, तेव्हा धावेत जसा ताण असतो, तशाच दिशेचा हा ताण. फक्त इथे तो फिरण्यामुळे येतो.

किती येतो? कड्याचे मनातल्या मनात बरोबर दोन अर्धे भाग करा. एक अर्धा घ्या. त्याचे सगळे तुकडे बाहेर ओढतायत. डावीकडची ओढ उजवीकडच्या ओढीला खोडून काढते आणि फक्त कापापासून दूर नेणारी ओढ शिल्लक राहते. कड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ A, घनता ρ आणि रिमचा सरळ रेषेतला वेग v धरला, तर ही शिल्लक ओढ येते 2ρAv². तिला थोपवायला दोन कापलेली टोकं आहेत, प्रत्येकी σA एवढ्या बळाची, म्हणजे एकूण 2σA. दोन्ही बाजूंना 2 आणि A. दोन्ही उडाले. उरलं:

σ = ρ v²

आता बघा यात काय नाही. A नाही. म्हणजे चाक दुप्पट जाड केलं, तर ताण झेलायला धातू दुप्पट मिळाला, पण बाहेर ओढणारं वजनही दुप्पट झालं. हिशोब तिथल्या तिथे. त्रिज्याही वेगळी दिसत नाही, ती v च्या पोटात गेली. फक्त धातू कोणता आणि रिम किती वेगाने पळते, एवढंच उरलं. मामाचा हत्ती इथे कामाचा नाही.

मामाच्या चाकाची रिम मधोमध मोजली तर व्यास ६०० मिलिमीटर. ६५० आरपीएमला रिमचा वेग येतो सेकंदाला २०.४ मीटर. बीडाची घनता ७२०० किलो प्रति घनमीटर. गुणाकार केला की ताण येतो सुमारे ३ मेगापास्कल. १००० आरपीएमला वेग होतो ३१.४ मीटर आणि ताण ७.१ मेगापास्कल. आरपीएम दीडपटीच्या जरा वर गेले, पण ताण जवळजवळ दोन पूर्णांक चार पट झाला, कारण वेगाचा वर्ग. गव्हर्नर अडकून वेग दुप्पट झाला तर ताण चौपट.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, आणि मामा म्हणालेच, “बऱ्या बीडाची ताकद दोनशे मेगापास्कल, आणि तू सातला घाबरतोस?”

प्रश्न रास्त आहे. मलाही कॉलेजात हाच पडला होता. उत्तर असं की सूत्र मोकळ्या कड्याचं आहे आणि खरं चाक मोकळं नसतं.

पहिली गोष्ट, आरे. फिरताना रिम फुगते, अगदी थोडी. आपल्या चाकात ६५० ला साधारण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग. आरे तेवढे ताणायला तयार नसतात. ते रिमला जागोजागी आत धरून ठेवतात आणि दोन आऱ्यांच्या मधली रिम बाहेर वाकू बघते. म्हणजे नुसत्या ताणात वाकण्याचा ताण मिसळला. मशीन डिझाइनच्या पुस्तकांत यासाठी एक अंदाजी सूत्र असतं: मोकळ्या कड्याचा ताण तीन चतुर्थांश धरायचा आणि आरे अजिबात ताणत नाहीत असं मानून काढलेला वाकण्याचा ताण एक चतुर्थांश. सहा आरे आणि ५० मिलिमीटर जाड रिम धरली तर आपल्या चाकाला एकूण ताण येतो मोकळ्या कड्याच्या साधारण १.६ पट. १००० आरपीएमला सुमारे ११ मेगापास्कल. (इथे मात्र रिमची जाडी कामाला येते, कारण वाकण्याला जाडी विरोध करते. म्हणून सुरुवातीला ‘बऱ्या अंशी नाही’ म्हटलं होतं.)

अकराही दोनशेच्या मानाने काहीच नाही. मग दुसरी गोष्ट, आणि हीच खरी: ते दोनशे मेगापास्कल चाकात सगळीकडे असतातच असं नाही. बीड ओतताना पातळ आरे आधी थंड होतात आणि जाड रिम मागून. रिम आकसते तेव्हा आरे आधीच कडक झालेले असतात. या ओढाताणीत चाक न फिरताच पोटात ताण घेऊन बसतं. शिवाय आत हवेचे पोकळ बुडबुडे राहू शकतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यात बीड ठिसूळ. पोलाद आधी वाकतं, ताणतं, सांगून मोडतं. बीड सांगत नाही. एखादी भेग असली की तिच्या टोकाशी ताण कितीतरी पट साचतो.

जुन्या इंजिनिअरांनी म्हणूनच एक कच्चा नियम पाळला होता: बीडाच्या चाकाची रिम मिनिटाला एक मैल यापेक्षा वेगात नको. म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटर. सूत्राने बघितलं तर हे फक्त ५ मेगापास्कल आहे, हास्यास्पद वाटेल इतकं कमी. पण १८९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस स्कूलमध्ये सी. एच. बेंजामिन यांनी छोटी बीडाची चाकं मुद्दाम फुटेपर्यंत फिरवली. अखंड रिमची चाकं सेकंदाला सुमारे १२० मीटरपर्यंत टिकली. सूत्राने तो ताण शंभर मेगापास्कलच्या आसपास येतो. पण रिम तुकड्यांत ओतून बोल्टने सांधलेली चाकं साधारण निम्म्याच वेगाला फुटली. निम्मा वेग म्हणजे पाव ताण. एक सांधा आला आणि चाकाची तीन चतुर्थांश ताकद गेली. भेग म्हणजे नको असलेला सांधाच.

आता मामाचं चाक या नियमावर ठेवा. ६५० ला २०.४ मीटर, आत. १००० ला ३१.४ मीटर, बाहेर. आपल्या चाकाची सीमा येते साधारण ८५० आरपीएम, तीही चाक निर्दोष असेल तर.

ते निर्दोष आहे का, हे दुसऱ्या दिवशी बघितलं. इंजिन बंद, थंड. चाक घासून ग्रीस काढलं, रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड पाण्यात कालवून फासली. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. हातोडीने टणटण वाजवून बघतात तेही करतात लोक, पण चाक शाफ्टवर घट्ट बसलेलं असताना आवाज बद्दच येतो, त्यावर विसंबू नका. आऱ्यांची दोन्ही टोकं आणि मधल्या हबचा चावीचा गाळा, या जागा आधी बघायच्या.

एका आऱ्याच्या रिमकडच्या टोकाशी दोन बोटं लांबीची रेघ उमटली. मामा काही बोलले नाहीत. मिस्त्री म्हणाला, “वेल्डिंग मारून देतो.” मी नको म्हटलं. बीडाला वेल्डिंग नीट करायचं तर आख्खं चाक तापवावं लागतं आणि हळू थंड करावं लागतं. नाहीतर शेजारी नवी भेग पडते आणि वरून मात्र छान गुळगुळीत दिसतं.

आदल्या दिवशी त्याच चाकाने १००० वर अर्धा तास काढला होता, आणि पोरं चाकाच्या अगदी समोर उभी राहून बघत होती. रिमचा तुकडा सुटला तर तो केंद्रापासून सरळ बाहेर जात नाही, तो त्या क्षणी ज्या दिशेने पळत असतो त्याच दिशेने, स्पर्शरेषेत जातो. ३१ मीटर म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. दहा किलोचा बीडाचा तुकडा, हायवेवरच्या गाडीच्या वेगाने. चाकाच्या प्रतलात, म्हणजे त्याच्या रेषेत, कुणी उभं राहायचं नाही ते यासाठी. इंजिन सुरू करताना हँडल मारणारा माणूसही बाजूला सरकतो तो उगाच नाही.

पुढे काय केलं ते साधं होतं. दुसरं चाक जुन्या बाजारातून आणलं, तिथेच खडू-रॉकेल करून घेतलं, दुकानदार वैतागला तरी. गव्हर्नरची स्प्रिंग परत पहिल्या जागी. आणि अल्टरनेटरची १२ इंची पुली काढून साडेसात इंची बसवली. १८ भागिले साडेसात म्हणजे २.४ पट, ६५० चे १५६०, त्यातून पट्टा थोडा घसरतो ते वजा जाता पंधराशेच्या आसपास. हर्ट्झ मीटरवर पन्नासच्या जवळ आकडा आला तेव्हा मामाने फक्त एवढंच विचारलं, “मग हे आधी का नाही सुचलं त्याला?”

तुमच्याकडे कुणी जुन्या इंजिनाचा वेग वाढवायला निघालं असेल, तर रिमचा व्यास मीटरमध्ये घ्या, ३.१४ ने आणि आरपीएमने गुणा, ६० ने भागा. उत्तर २७ च्या वर गेलं तर मला कळवा, चाकाचा फोटो पाठवा, पण फोटो इंजिन बंद असताना काढा. पुढच्या भागात गव्हर्नर उघडून बघू.