आधी गार करा, मग हलवा
(वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर पालक आहेत, अकादमीचे प्रशिक्षक आहेत आणि मागच्या रांगांत ट्रॅकसूट घातलेली बरीच मुलं-मुली दिसताहेत. भरतीची तयारी करणारी ही मुलं उन्हाळ्यातही मैदान सोडत नाहीत, म्हणून आज मी एवढंच बोलणार आहे: पळताना कोणी कोसळलं, तर तो उष्णतेचा थकवा आहे की उष्माघात हे मैदानावरच कसं ओळखायचं, आणि पुढच्या अर्ध्या तासात काय करायचं. हा अर्धा तास डॉक्टरच्या हातात नसतो, तुमच्या हातात असतो.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ही उष्णता रक्तातून कातडीपर्यंत येते आणि घाम वाळताना निघून जाते. म्हणजे हृदयाला एकाच वेळी स्नायूंनाही रक्त पुरवायचं असतं आणि कातडीलाही. अंगातलं पाणी घामावाटे कमी झालं की हे दोन्ही जमेनासं होतं. रक्तदाब उतरतो, चक्कर येते, मळमळतं, पाय लटपटतात, माणूस बसतो किंवा पडतो. हा उष्णतेचा थकवा. यात अंगातलं तापमान वाढलेलं असलं तरी सहसा ४० अंश सेल्सिअसच्या खालीच असतं. शरीराने स्वतःहून काम थांबवलेलं असतं.

उष्माघातात ते थांबत नाही. तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू बिघडू लागतो. इतक्या तापमानात आतडं, यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांच्या पेशींची हानी सुरू होते. ती किती होणार, हे तापमान किती वर गेलं यापेक्षा ते किती वेळ वर राहिलं यावर जास्त अवलंबून असतं. आजच्या बोलण्याचा सगळा भार या ‘किती वेळ’वर आहे.

आता एक समज काढून टाकायचा आहे, कारण त्यामुळे जीव जातात. ‘उष्माघात झाला की घाम थांबतो, अंग कोरडं आणि तापलेलं लागतं,’ असं आपण ऐकत आलो आहोत. तासन्‌तास उन्हात बसलेल्या किंवा कोंदट खोलीत राहिलेल्या वृद्धांमध्ये असं दिसू शकतं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात लोक बळी पडले, ते असे उन्हात बसून. पळणाऱ्या तरुणाचा उष्माघात वेगळा असतो. त्याची उष्णता आतून, स्नायूंतून येते, आणि कोसळतो तेव्हा तो बहुधा घामाने निथळत असतो. कातडी ओली, कधी हाताला गारही लागते. ‘घाम येतोय ना, मग काळजी नाही,’ असं म्हणून त्याला झाडाखाली बसवून ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

कपाळाला लावायच्या थर्मामीटरवरही भिस्त ठेवू नका. घाम आणि वारा यांमुळे कातडी गार होते आणि ते यंत्र आतल्या ४१ अंशांच्या जागी ३८ दाखवू शकतं. काखेतला, तोंडातला थर्मामीटरही अशा वेळी फसवतो. खरं तापमान गुदद्वारातूनच कळतं, आणि ती सोय आपल्या मैदानांवर नसते. मग ओळखायचं कशावरून? मेंदूवरून.

एक प्रसंग धरून चालू. मे महिना, सकाळचे साडेआठ. पोलीस शिपाई भरतीची तयारी करणारा एक मुलगा १,६०० मीटर पळतोय. आठवड्यापूर्वीच अकादमीत आलाय, काल रात्री नीट झोपलेला नाही, दोन दिवसांपूर्वी कणकण होती, ती त्याने कोणाला सांगितली नाही. शेवटच्या फेरीत तो वाकडातिकडा पळू लागतो, रेषा ओलांडल्यावर चार पावलांवर गुडघ्यांवर येतो आणि आडवा होतो.

पहिलं काम, श्वास चालू आहे का ते पाहा. श्वास नसेल किंवा मधूनमधून नुसता आचके दिल्यासारखा असेल, तर हा उष्णतेचा प्रश्न मानू नका. लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन लावा. श्वास चालू असेल, तर त्याला सावलीत घ्या आणि त्याच्याशी बोला. नाव विचारू नका, नाव सगळ्यांत शेवटी विसरलं जातं. ‘आज किती फेऱ्या मारल्यास? सकाळी काय खाल्लंस? वीसपासून उलटे आकडे म्हण.’ असं विचारा.

तो थकलेल्या आवाजात का होईना, पण बरोबर उत्तरं देतोय, तुम्हाला ओळखतोय, तर हा बहुधा थकवा. त्याला आडवं करा, पाय वीतभर उंच ठेवा, बूट-मोजे काढा, अंगावर पाणी मारून वारा घाला. पळणं एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं; पाय वर केले की ते हृदयाकडे परत येतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर फरक दिसतो. मळमळ थांबली की ओआरएसचे घोट द्या. पाकीट एक लिटर पाण्याचं असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. अर्धी बाटली पाणी आणि पूर्ण पाकीट असं करू नका. त्या दिवशी त्याने पुन्हा पळायचं नाही.

पण आपला हा मुलगा काय म्हणतो? ‘किती फेऱ्या?’ विचारल्यावर तो म्हणतो, ‘बस आली का?’ किंवा धरलेला हात झटकतो, शिव्या देतो, उठून पुन्हा पळायला जातो, डोळे फिरवतो, झटका येतो, किंवा नुसता कण्हतो. शांत स्वभावाचा मुलगा अचानक मारायला उठला, तर त्याला वाईट वागतोय म्हणून बसवू नका. तो मेंदू भाजत असल्याचा आवाज आहे. आणखी एक फसवं वळण सांगतो. काही जण मधे दोन-पाच मिनिटं शुद्धीवर येऊन ‘मी ठीक आहे’ म्हणतात आणि मग एकदम ढासळतात. म्हणून एकदा बरोबर उत्तर मिळालं म्हणून सोडू नका, दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारा. थकवा समजून ठेवलेला माणूस वीस-तीस मिनिटांत सुधारला नाही, तरी त्याला उष्माघात धरूनच चाला.

आता उपाय. एकाने १०८ ला फोन करायचा: जागा, जवळची खूण, ‘उष्माघात, भान नाही, आम्ही पाण्यात गार करतोय.’ बाकीच्यांनी त्याच मिनिटाला गार करायला लागायचं. जगभरचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ एकच सांगतात: आधी गार करा, मग हलवा. रुग्णवाहिकेची वाट बघत बसणं, किंवा मोटारसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेणं, यात तोच अर्धा तास जळतो.

सर्वांत चांगलं म्हणजे मानेपर्यंत थंड पाण्यात बुडवणं. मैदानाजवळ सिमेंटची टाकी, गुरांची डोण, मोठा टब असेल तर उत्तम. काही नसेल तर ताडपत्री. शेतात कांद्यावर टाकतो तीच. तिच्यात त्याला ठेवा, सहा-सात जणांनी कडा उचलून धरा म्हणजे मधे खोलगट हौद होतो, आणि त्यात शंभर-दीडशे लिटर पाणी ओता. बर्फ मिळाला तर फोडून घाला, आणि पाणी सतत हलवत ठेवा, नाहीतर कातडीलगतचं पाणी तापून बसतं. एकाचं काम फक्त डोक्याचं: मागून काखांत पंचा घालून त्याला धरायचं, म्हणजे तोंड पाण्याखाली जाणार नाही. शेततळ्यात किंवा विहिरीत मात्र नेऊ नका. भान नसलेला माणूस तिथे हातातून निसटतो.

बर्फ नाही, टाकीचं पाणी कोमट आहे, तर? तरीही ओता. २६-२८ अंशांचं पाणी ४१ अंशांच्या शरीरासाठी खूप थंड असतं. ताडपत्रीही नसेल तर नळीने किंवा बादल्यांनी सतत पाणी ओता, ओले पंचे सगळ्या अंगावर टाका, दर मिनिटाला बदला, पुठ्ठ्यांनी जोरात वारा घाला. बर्फाचे दोन तुकडे काखेत ठेवून समाधान मानू नका, तेवढ्याने पुरेसं होत नाही.

भान नसलेल्याच्या तोंडात पाणी, ओआरएस, लिंबू सरबत काहीही घालू नका, ते फुफ्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका. तापात मेंदूच तापमान वर ठेवतो, तिथे ते औषध चालतं. इथे मेंदूने तसं काही ठरवलेलं नाही. तळपायाला कांद्याचा रस चोळणारे हात त्या वेळी बादलीला लागले पाहिजेत.

थांबायचं कधी? आत मोजायचं साधन नसेल, तर दहा-पंधरा मिनिटांनी, किंवा तो त्याआधी थरथरू लागला, नीट बोलू लागला, तर त्या वेळी बाहेर काढा. कुशीवर झोपवा, ओलं ठेवा, वारा घालत राहा. रुग्णवाहिका आली तरी भान परतलेलं नसेल तर त्यांना सांगा, वाटेतही गार करणं चालू ठेवा.

याने खरंच जीव वाचतो का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये दर ऑगस्टमध्ये फालमथची सात मैलांची शर्यत असते. तिथे वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब आधीच भरून ठेवलेले असतात. १८ वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंवर तिथे हाच उपचार झाला, आणि सगळे जगले. सगळे. त्याच देशात मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू जॉर्डन मॅकनेर सरावात कोसळला. त्याला थंड पाण्यात उतरवलं गेलं नाही, आणि रुग्णवाहिका मैदानावरून निघेपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ गेला होता. दोन आठवड्यांनी तो वारला. तो १९ वर्षांचा होता. आपल्याकडे जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून मुलं गेली, ती बातमी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा बातम्या वाचल्या की मला त्या मैदानावरच्या पाण्याच्या टाकीचा विचार येतो.

म्हणून प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. उद्या सकाळी मैदानावर एक मोठी ताडपत्री, चार बादल्या आणि दोनशे लिटरचं भरलेलं पिंप ठेवा. जवळचं बर्फाचं दुकान किती वाजता उघडतं ते विचारून घ्या. ताडपत्री कोणी धरायची, डोकं कोणी सांभाळायचं, फोन कोणी करायचा, हे ठरवून एकदा कोरडी रंगीत तालीम करा. आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी शर्यतीच्या वेगाने पळवू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. मुलांनो, ताप, जुलाब, जागरण झालं असेल तर सांगा. त्या दिवशी मैदानाबाहेर बसण्यात कमीपणा नाही.

पालकांना एकच सांगतो. उष्माघातातून मुलगा शुद्धीवर आला, हसला, जेवला, तरी त्याला रुग्णालयात न्यायचंच. यकृत आणि मूत्रपिंडाची हानी एक-दोन दिवसांनी दिसते. लघवी चहासारखी गडद होत असेल तर स्नायू फुटल्याची ती खूण आहे. रक्ताच्या तपासण्या ठीक येईपर्यंत पळायचं नाही, आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा, आधी थंड वेळेला, थोडं थोडं. भरतीची तारीख जवळ आलेली असली, तरीही.